डब्याच्या पलीकडे काय जोडले आहे?

माईक, गिटारचा पिकअप किंवा जुन्या टेपरेकॉर्डरचे हेड यांतून निघणारा सिग्नल मुळात अशक्त असतो, आणि प्रत्येकाच्या पोटात स्वतःचा काहीएक अडथळा असतो. समजा हा अडथळा 10 किलोओहम आहे आणि पुढच्या अँप्लिफायरच्या तोंडाशीही 10 किलोओहमच भेटतात. मग सिग्नलचा निम्मा व्होल्टेज वाटेतच खर्ची पडतो. म्हणून अँप्लिफायर कितीही चांगला असला तरी आधी विचारायचा प्रश्न असा: त्याच्या तोंडाशी पाहिले तर किती ओहम दिसतात? या आकड्याला इनपुट इम्पिडन्स म्हणतात.

प्रश्न साधा दिसतो. मल्टिमीटर लावला, आकडा वाचला, झाले, असे वाटते. अडचण अशी की हा आकडा फक्त तोंडापाशी ठरत नाही. अँप्लिफायरच्या दुसऱ्या टोकाला काय जोडले आहे, यावरही तो बदलतो. किती बदलतो, हे पलीकडे दर वेळी नवा लोड लावून मोजत बसण्यापेक्षा दोन चाचण्यांत कायमचे कळू शकते. या चाचण्यांतून जे चार आकडे निघतात त्यांना हायब्रिड पॅरामीटर किंवा नुसते ‘एच पॅरामीटर’ म्हणतात. इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमापासून पुढे शिकलेल्या प्रत्येकाच्या जर्नलमध्ये हे प्रॅक्टिकल असतेच. मात्र आकडे काढून झाले की बहुतेकदा जर्नल मिटते, आणि त्या आकड्यांचे पुढे काय करायचे ते राहून जाते.

सुरुवात एका बंद डब्यापासून करू. डब्यातून चार तारा बाहेर आल्या आहेत. डावीकडची जोडी म्हणजे इनपुट, उजवीकडची जोडी म्हणजे आउटपुट. आत काय आहे ते माहीत नाही, आणि तूर्त माहीत असण्याची गरजही नाही. बाहेरून चारच राशी मोजता येतात: डावीकडचा व्होल्टेज V1 आणि करंट I1, उजवीकडचा व्होल्टेज V2 आणि करंट I2. या चारांतल्या कोणत्याही दोन आपण ठरवल्या की उरलेल्या दोन डबा ठरवतो. हायब्रिड पद्धतीत आपण डावीकडचा करंट आणि उजवीकडचा व्होल्टेज ठरवतो. एका बाजूला करंट आणि दुसऱ्या बाजूला व्होल्टेज अशी ही सरमिसळ आहे. मग डब्याचे वागणे दोन ओळींत मावते:

V1 = h11·I1 + h12·V2

I2 = h21·I1 + h22·V2

या दोन ओळींकडे नीट पाहिले तर चाचण्या कशा करायच्या ते त्याच सांगतात. V2 शून्य केला की दोन्ही ओळींतले शेवटचे पद गळून पडते आणि h11, h21 मोकळे होतात. V2 शून्य करणे म्हणजे आउटपुटच्या दोन तारा एकमेकींना जोडणे, म्हणजेच शॉर्ट सर्किट. त्याचप्रमाणे I1 शून्य केला की h12 आणि h22 मोकळे होतात. I1 शून्य करणे म्हणजे इनपुटच्या तारा उघड्या सोडणे, म्हणजेच ओपन सर्किट. इथे एक गोष्ट घट्ट लक्षात ठेवावी लागते. शॉर्ट करायचे ते आउटपुट आणि उघडे सोडायचे ते इनपुट. पहिल्या चाचणीत सप्लाय डावीकडून द्यायचा, तर दुसऱ्या चाचणीत उजवीकडून. घाईत विद्यार्थी दोन्ही चाचण्यांना सप्लाय डावीकडेच ठेवतात आणि दुसऱ्या वेळी आउटपुट उघडे सोडतात. आकडे तेव्हाही येतात, पण ते h12 आणि h22 नसतात.

आता खरोखरचा एक डबा घेऊ. उत्तर पडताळता यावे म्हणून आत काय आहे ते सांगून टाकतो. डावीकडून येणारा 200 ओहमचा रेझिस्टर मधल्या बिंदूला मिळतो, त्या बिंदूपासून उजवीकडे 300 ओहम, आणि त्याच बिंदूपासून खाली ग्राउंडला 600 ओहम. इंग्रजी T अक्षराच्या आकाराचे हे जाळे ब्रेडबोर्डवर दोन मिनिटांत उभे राहते.

पहिली चाचणी. आउटपुट शॉर्ट करून डावीकडे 6 व्होल्ट दिले. मीटरवर I1 आला 15 मिलीअँपियर. शॉर्टच्या तारेतला करंट 10 मिलीअँपियर भरला, पण तो डब्यातून बाहेर पडत होता. समीकरणांत I2 ची धन दिशा डब्याच्या आत जाणारी धरली आहे, म्हणून हा आकडा उणे 10 असा लिहायचा. यावरून h11 म्हणजे 6 व्होल्ट भागिले 15 मिलीअँपियर, म्हणजे 400 ओहम. h21 म्हणजे −10 भागिले 15, अर्थात −0.667.

दुसरी चाचणी. डावीकडच्या तारा मोकळ्या सोडल्या आणि उजवीकडे 9 व्होल्ट दिले. I2 आला 10 मिलीअँपियर, या वेळी आत जाणारा, म्हणून धन. मोकळ्या इनपुटवर व्होल्टमीटरने दाखवले 6 व्होल्ट. म्हणून h12 झाला 6 भागिले 9, म्हणजे 0.667. h22 झाला 10 मिलीअँपियर भागिले 9 व्होल्ट, म्हणजे 1.11 मिलीसीमेन्स. सीमेन्स हे ओहमच्या उलट्याचे एकक आहे, त्यामुळे h22 उलटा केला की 900 ओहम मिळतात. इनपुट मोकळे असताना आउटपुटच्या बाजूने दिसणारा विरोध तोच: 300 अधिक 600.

चारही आकडे हाती आले. आता पलीकडे एक लोड जोडू आणि अलीकडून पाहू. लोड ZL जोडला की त्यातून वाहणारा करंट डब्याबाहेर जातो, म्हणून V2 = −I2·ZL. हे दुसऱ्या ओळीत घातले की I2 मिळतो, त्यावरून V2 मिळतो, आणि तो पहिल्या ओळीत ठेवला की सगळे आवरून एवढेच उरते:

Zin = h11 − (h12·h21·ZL) / (1 + h22·ZL)

हे सूत्र पाठ करण्यापेक्षा वाचता येणे जास्त मोलाचे आहे. h11 म्हणजे पलीकडचे टोक शॉर्ट असताना तोंडाशी दिसणारा आकडा. वजा चिन्हानंतरचा भाग म्हणजे लोडची इकडे पोचलेली खबर. ती खबर दोन पायऱ्यांनी येते. आधी h21 मुळे इनपुटचा करंट पलीकडे जाऊन लोडवर व्होल्टेज उभा करतो. मग h12 मुळे त्या व्होल्टेजचा काही अंश उलट्या वाटेने इनपुटला येतो. या दोहोंपैकी एकही शून्य असेल तर लोड कसाही बदला, तोंडाशी काहीच कळणार नाही. खालचा 1 + h22·ZL हा भाग सांगतो की लोडकडे निघालेला काही करंट डब्याच्या आतच वळून जातो.

आपल्या डब्याला 300 ओहमचा लोड लावू. h12 गुणिले h21 म्हणजे −0.444. त्याला 300 ने गुणले की −133.3. खाली 1 अधिक 300 भागिले 900, म्हणजे 1.333. भागाकार −100. म्हणून Zin = 400 + 100 = 500 ओहम. आता डबा उघडून थेट मोजू: 300 च्या रेझिस्टरपुढे 300 चा लोड म्हणजे 600, तो खालच्या 600 ला समांतर म्हणून 300, त्यात पुढचे 200 मिळवले की 500. उत्तर तंतोतंत जुळले, आणि सूत्राला हे उत्तर काढायला डब्यात डोकावावे लागले नाही.

इथे सर्वांत जास्त फसवणारी गोष्ट म्हणजे h21 चे उणे चिन्ह. मीटरवर करंट 10 दिसला म्हणून +0.667 लिहिले, तर याच गणिताचे उत्तर 300 ओहम येते. उत्तर चुकले हे ओळखायला डबा उघडावा लागत नाही. आउटपुट मोकळे सोडण्याची, म्हणजे लोड अमर्याद मोठा असण्याची अवस्था सूत्रात घालून पाहावी. चुकीच्या चिन्हाने इनपुट इम्पिडन्स थेट शून्य येतो. नुसत्या रेझिस्टरच्या डब्यात पलीकडे तारा मोकळ्या सोडल्यावर अलीकडे शॉर्ट दिसेल, हे शक्य नाही. बरोबर चिन्हाने उत्तर येते 800, आणि आत पाहिले तर 200 अधिक 600 आहेतच.

रेझिस्टर, कॉइल आणि कपॅसिटर एवढ्यांनीच बनलेल्या डब्याची आणखी एक खूण आहे. त्याचा h12 हा h21 च्या नेमका उलट्या चिन्हाचा असतो. आपल्याकडे 0.667 आणि −0.667 आले, ते योगायोगाने नव्हे. या खुणेचा खरा उपयोग मोजमापातली खोट शोधायला होतो. शॉर्टचा करंट मोजायला त्याच तारेत मिलीअँपियर मीटर घालावा लागतो, आणि मीटरला स्वतःचा विरोध असतो. समजा तो 10 ओहम आहे. मग आउटपुट खऱ्या अर्थाने शॉर्ट नाहीच. I1 येतो 14.84, I2 येतो −9.78, आणि h21 निघतो −0.659. दुसऱ्या चाचणीतला h12 मात्र 0.667 च राहतो. एरवी दशांशातला किरकोळ फरक म्हणून आपण हे सोडून दिले असते, पण हे दोन आकडे जुळायलाच हवेत हे ठाऊक असले की संशय येतो. मीटरच्या दोन टोकांवर व्होल्टमीटर धरावा. तिथे 98 मिलिव्होल्ट दिसतील. V2 शून्य धरला होता, आणि तो शून्य नव्हता.

इतके सगळे रेझिस्टरच्या डब्यासाठी करायचे, तर सरळ ओहमचा नियम लावावा, असे कुणी म्हणेल, आणि त्याचे म्हणणे बरोबर आहे. ही पद्धत ज्याच्यासाठी रूढ झाली तो डबा म्हणजे ट्रान्झिस्टर. 1947 च्या डिसेंबरात बेल लॅबोरेटरीजमध्ये बार्डीन आणि ब्रॅटेन यांनी पहिला ट्रान्झिस्टर चालवून दाखवला. पुढच्या काही वर्षांत प्रश्न उभा राहिला की या नव्या वस्तूचे गुण कागदावर मांडायचे कसे. 1954 मध्ये अमेरिकेतल्या रेडिओ आणि विद्युत अभियंत्यांच्या दोन संस्थांच्या संयुक्त समितीने एच पॅरामीटरची शिफारस केली. कारण व्यवहारी होते. ट्रान्झिस्टरच्या बेसशी विरोध कमी असतो, म्हणून तिथे मोठा रेझिस्टर लावून ‘उघडे’ सोडणे सोपे. कलेक्टरशी विरोध मोठा असतो, म्हणून तिथे कपॅसिटर लावून ‘शॉर्ट’ करणे सोपे. नेमक्या याच दोन चाचण्या या पद्धतीला लागतात.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या बुधवार पेठेत कुठल्याही दुकानात मिळणारा बीसी 547 बी घेऊ. कलेक्टरचा करंट 2 मिलीअँपियर, कलेक्टर-एमिटर व्होल्टेज 5 आणि सिग्नल 1 किलोहर्ट्झ असताना त्याच्या माहितीपत्रकातले ठरावीक आकडे असे आहेत: h11 म्हणजे 4.5 किलोओहम, h12 म्हणजे 0.0002, h21 म्हणजे 330 आणि h22 म्हणजे 30 मायक्रोसीमेन्स. रेझिस्टरच्या डब्याशी तुलना केली की लगेच दोन गोष्टी दिसतात. h21 धन आहे. आणि h12 त्याच्या उलट्या चिन्हाचा तर नाहीच, उलट सोळा-सतरा लाख पटींनी लहान आहे. पुढे जाणारी वाट हमरस्ता, परतीची वाट जेमतेम पाऊलवाट.

या ट्रान्झिस्टरवर चाचण्या करताना शॉर्ट आणि ओपन या दोन्ही गोष्टी फक्त सिग्नलपुरत्या करायच्या असतात. डीसी बायस जागच्या जागी राहायला हवा. कलेक्टर थेट ग्राउंडला जोडला तर ट्रान्झिस्टर चालणारच नाही. म्हणून कलेक्टर आणि ग्राउंड यांच्यामध्ये 1000 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाकायचा. डीसीला तो अडवतो, आणि 1 किलोहर्ट्झला त्याचा स्वतःचा विरोध 0.16 ओहम एवढाच भरतो. बेसला सिग्नल द्यायचा तो 1 मेगओहममधून. जनरेटरचा 1 व्होल्ट त्या रेझिस्टरमुळे 1 मायक्रोअँपियर बनून आत जातो, आणि बेसवर 4.5 मिलिव्होल्ट दिसतात. कलेक्टरच्या पायात 10 ओहमचा रेझिस्टर ठेवला तर त्यावर 3.3 मिलिव्होल्ट, म्हणजे 330 मायक्रोअँपियर. h11 आणि h21 एका बैठकीत मिळाले.

दुसरी चाचणी मात्र घाम काढते. 9 व्होल्टच्या सप्लायवरून 1.2 मेगओहमने बेसला बायस दिला, तर बेस सिग्नलच्या दृष्टीने उघडाच आहे असे म्हणता येते, कारण 4.5 किलोओहमपुढे 1.2 मेगओहम फारच मोठे. आता कलेक्टरला 1 व्होल्टचा सिग्नल द्यायचा आणि बेसवर किती परत येतो ते पाहायचे. अपेक्षित आकडा आहे 0.2 मिलिव्होल्ट. आजूबाजूच्या वायरिंगमधून शिरणारा 50 हर्ट्झचा गुणगुणाट सहज याहून मोठा असतो, म्हणून स्कोपवर आधी तोच दिसतो. तो गाळला तरी आणखी एक खोट उरते. ट्रान्झिस्टरच्या आतच कलेक्टर आणि बेस यांच्यामध्ये सुमारे 3 पिकोफॅरडची धारिता असते. ब्रेडबोर्डच्या शेजारशेजारच्या पट्ट्या त्यात आणखी काही पिकोफॅरड घालतात. नुसत्या 3 पिकोफॅरडमधून 1 किलोहर्ट्झला जो करंट गळतो तोही बेसवर 0.085 मिलिव्होल्टच्या आसपास व्होल्टेज उभा करतो. मोजायची वस्तू 0.2 आणि तिला चिकटलेला कचरा 0.085! सुदैवाने हा कचरा ओळखता येतो. तो मूळ सिग्नलपेक्षा पाव आवर्तन पुढे-मागे असतो, आणि सिग्नलची वारंवारिता कमी केली की त्याच प्रमाणात कमी होतो. खरा h12 जागचा हलत नाही. म्हणून जनरेटर 1 किलोहर्ट्झवरून 300 हर्ट्झवर आणून आकडा पुन्हा घ्यावा. तो खाली सरकला तर पहिल्या आकड्यात गळती मिसळली होती.

आता हे आकडे कामाला लावू. कलेक्टरला 2.2 किलोओहमचा लोड आहे. h12·h21·ZL म्हणजे 0.0002 गुणिले 330 गुणिले 2200, हे झाले 145. खाली 1 अधिक 0.066, म्हणजे 1.066. भागाकार 136. म्हणून Zin = 4500 − 136, म्हणजे 4364 ओहम. फरक तीन टक्क्यांचा. लोड अमर्याद वाढवत नेला तर वजा होणारा भाग h12·h21 भागिले h22 या मर्यादेला, 2200 ओहमला, पोचतो आणि तोंडाशी फक्त 2300 ओहम उरतात. जवळजवळ निम्मे! रेझिस्टरच्या डब्यात लोड वाढला की इनपुटचा आकडाही वाढत होता. इथे लोड वाढला की तो घटतो. कारण एकच: h21 चे चिन्ह इथे धन आहे.

साध्या रेझिस्टरच्या लोडला तीन टक्क्यांचा फरक मी खुशाल सोडून देईन, आणि बरीच पाठ्यपुस्तकेही h12 शून्य धरायला सांगतात. तो सोडायला हरकत नाही यामागचे कारण मात्र नीट समजून घ्यावे. याच मालिकेतल्या ए गटाच्या ट्रान्झिस्टरचा h11 ठरावीक 2.7 किलोओहम आहे आणि सी गटाचा 8.7. गट बदलला की इनपुट इम्पिडन्स तिप्पट होऊ शकतो, तिथे तीन टक्क्यांची फिकीर कोण करणार? पण कलेक्टरला रेझिस्टरऐवजी करंट सोर्स लावलेला असेल, तर लोड दहापट-वीसपट मोठा होतो आणि h12 शून्य धरणाऱ्याचे उत्तर जवळजवळ सव्वापट किंवा त्याहून जास्त येऊ शकते. शिवाय 4364 हा ट्रान्झिस्टरचा आकडा आहे, पूर्ण सर्किटचा नव्हे. बेसला बायस देणारे रेझिस्टर त्याला समांतर येतात. आपल्या 1.2 मेगओहमने काही बिघडत नाही, पण दोन रेझिस्टरच्या विभाजकातला खालचा 10 किलोओहमचा असेल, तर तेवढ्यानेच आकडा 3 किलोओहमवर येतो. सुरुवातीच्या 10 किलोओहमवाल्या सोर्सला असे तोंड दाखवले, तर बेसपर्यंत जेमतेम पाव सिग्नल पोचेल.

या चार आकड्यांवर तीन अटी कायम लागू असतात. एक म्हणजे कलेक्टरचा करंट. तो 2 वरून 1 मिलीअँपियर केला की h11 जवळपास दुप्पट होतो, म्हणजे माहितीपत्रकातला 4.5 तसाच उचलून चालत नाही. दुसरी म्हणजे सिग्नल लहान असण्याची. बेसवर काही मिलिव्होल्टपर्यंतच या दोन सरळ ओळी खऱ्या असतात, कारण ट्रान्झिस्टरचा मूळ वक्र सरळ नाही. तिसरी अट वारंवारितेची, आणि तीच सर्वांत लवकर मोडते. आपल्या 2.2 किलोओहमच्या लोडला व्होल्टेजची वाढ दीडशे पटींहून थोडी जास्त होते. कलेक्टर-बेसमधली ती 3 पिकोफॅरडची धारिता या वाढीमुळे इनपुटवरून पाहता साधारण 470 पिकोफॅरड भासते. 1 किलोहर्ट्झला तिचे काही चालत नाही. 100 किलोहर्ट्झला मात्र तिचा विरोध 3.4 किलोओहमच्या आसपास येतो, म्हणजे आपल्या 4364 पेक्षाही कमी, आणि तो त्याला समांतर बसतो.

म्हणून त्या वारंवारितेला चाचण्या पुन्हा कराव्या लागतात आणि चारही आकडे कलेसह लिहावे लागतात. आणखी वर, शेकडो मेगाहर्ट्झला, चाचण्याच दगा देतात. शॉर्टची दोन सेंटिमीटर तार कॉइलसारखी वागू लागते आणि उघड्या सोडलेल्या टोकाला धारिता असतेच, म्हणून शॉर्टही खरा राहत नाही आणि ओपनही. काही ट्रान्झिस्टर अशा जोडणीत स्वतःहून दोलने सुरू करतात. तिथले अभियंते दोन्ही टोकांना 50 ओहम लावून परावर्तित होणारी लाट मोजतात. त्या आकड्यांना एस पॅरामीटर म्हणतात, आणि शॉर्ट-ओपनची ही जोडी तिथे वापरातून बाद होते.